पहिल्या विमानप्रवासाच्या फोटोखाली काय लिहावं?

खिडकीशी टेकलेला चेहरा, मागे विमानाचा पंख, पंखाखाली ढग. पहिल्यांदा विमानात बसलेल्या माणसाचा फोटो बहुतेक वेळा असाच असतो आणि त्यात तो माणूस हसत असतो. तासाभरापूर्वी याच माणसाचे हात गार पडले होते, सीटबेल्ट लागला की नाही हे त्याने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं होतं, हे फोटोत कुठेच नसतं. याचं कारण साधं आहे. उड्डाणाच्या वेळी घाबरलेला माणूस फोटो काढत नाही. तो फोटो काढतो विमान वर जाऊन स्थिर झाल्यावर, म्हणजे भीती ओसरल्यावर. त्यामुळे फोटोत प्रवासाचा फक्त उत्तरार्ध येतो.

कॅप्शनने पूर्वार्ध आणायचा असतो. पहिल्या विमानप्रवासाची कॅप्शन कशी लिहावी, याचं माझं उत्तर एवढंच आहे. ते प्रत्यक्षात कसं आणायचं, ते आता टप्प्याटप्प्याने सांगतो.

त्याआधी एक चाचणी. तुमच्या मनात आलेली ओळ नव्या घराच्या, नव्या गाडीच्या किंवा दहावीच्या निकालाच्या फोटोखाली लावून बघा. तिथेही चालत असेल तर ती विमानाची ओळ नाही. 'स्वप्नपूर्ती', 'उंच भरारी', 'आकाश ठेंगणं झालं', 'आयुष्यातला अविस्मरणीय क्षण' हे सगळे शब्द या चाचणीत पडतात. ते खोटे नाहीत, पण त्यातून तुमच्याविषयी काही कळत नाही. तुमच्या आधी हजारोंनी तेच लिहिलेलं असल्यामुळे वाचणारा अंगठ्याने वर सरकवून पुढे जातो.

तिकीट काढतानाच खिडकीचा विचार करा

कॅप्शनचा आणि खिडकीचा संबंध आहे, कारण जे दिसेल त्याचंच लिहिता येईल. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवरच्या बहुतेक मोठ्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसनं असतात. त्यात ए आणि एफ या खिडकीच्या जागा. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ए डावीकडे आणि एफ उजवीकडे. मधल्या रांगा पंखावर येतात. तिथून पंख छान दिसतो, पण खालची जमीन झाकली जाते. जमीन बघायची असेल तर बरंच पुढे किंवा बरंच मागे बसावं.

कोणती बाजू घ्यावी ते सूर्यावर ठरवा. पुण्याहून सकाळी बेंगळुरूला निघालात तर विमान साधारण दक्षिणेकडे जातं, म्हणजे पूर्व डावीकडे येते. डावीकडच्या खिडकीत ऊन डोळ्यांवर येईल आणि फोटोत चेहरा काळा पडेल. उजवीकडे उजेड मऊ असतो. शिवाय उजवीकडे म्हणजे सूर्याच्या विरुद्ध बाजूला, खाली ढगांचा थर असेल तर त्याच्यावर आपल्याच विमानाची सावली पळताना दिसते आणि कधी कधी त्या सावलीभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांचं गोल कडं दिसतं. ढगातल्या पाण्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश मागे फिरतो, म्हणून ते बनतं. पहिल्या प्रवासात हे दिसलं तर कॅप्शनसाठी दुसरं काही शोधायची गरजच नाही. परतीच्या प्रवासात किंवा संध्याकाळच्या विमानात हिशेब उलटा होतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं आहे आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं. अशा विमानतळांवर विमान जमिनीवर असताना, उडताना आणि उतरताना फोटो काढायला मनाई असते. विमानातले कर्मचारी तशी घोषणा करतात, ती पाळायची. त्यामुळे पुण्याहून पहिल्यांदा उडणाऱ्याच्या हाती धावपट्टीचा फोटो नसतो. तो भाग शब्दांनीच सांगायचा आहे, हे समजून मोबाईल खिशात ठेवा आणि कान-डोळे उघडे ठेवा.

विमानात: आवाज आणि झटके टिपून ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे. घरी आल्यावर आठवून लिहायला बसलात तर 'खूप भीती वाटली' यापलीकडे काही सुचत नाही. भीती नेमकी कशाची वाटली ते तासाभरात पुसलं जातं. म्हणून फोन विमान मोडवर टाकल्यावर नोंदींचं पान उघडून ठेवा. टाइप करायला आवडत नसेल तर फोनमधला आवाज रेकॉर्ड करायचा ॲप वापरा, तो इंटरनेटशिवाय चालतो. वाक्यं करू नका, तुटक शब्द पुरेत. उड्डाणाच्या ऐन वेळी लिहू नका, त्या वेळी फक्त अनुभवा. सीटबेल्टचा दिवा विझला की लगेच लिहा.

काय टिपायचं हे कळायला विमानात काय काय घडतं ते थोडं माहीत हवं. नवख्या माणसाला ज्यांची भीती वाटते त्या जवळजवळ सगळ्या गोष्टी रोजच्या असतात आणि कॅप्शनचा खरा माल तिथेच असतो.

आधी विमान मागे सरकतं. ते स्वतःहून मागे जात नाही, पुढच्या चाकाला लावलेली एक बुटकी, जड गाडी त्याला ढकलते. इंजिन सुरू होताना थंड हवेचा सूं सूं आवाज क्षणभर थांबतो आणि एकदम शांत होतं. मग एअरबस 320 जातीचं विमान असेल तर पायाखालून करवत चालल्यासारखा घर्र-घर्र आवाज येऊ शकतो. नवीन माणूस हमखास दचकतो. तो विमानातल्या तेलाच्या दाबाची एक यंत्रणा चालू-बंद होण्याचा आवाज असतो.

धावपट्टीवर विमान अर्धा मिनिट किंवा त्याहून थोडं जास्त पळतं आणि तेवढ्यात पाठ खुर्चीला घट्ट चिकटते. नाक वर उचललं जातं. जमीन सुटल्यावर काही सेकंदांत पायाखाली धाडकन आवाज होतो. चाकं आत घेतली गेली. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो, आता विमान खाली चाललं असं वाटतं. खरं म्हणजे ते वरच चढत असतं. उड्डाणासाठी लावलेला जास्तीचा जोर वैमानिकाने कमी केलेला असतो आणि आपलं शरीर त्या बदलाला खाली पडणं समजतं. पहिल्या प्रवासातला सगळ्यात भीतीचा क्षण बहुतेकांच्या बाबतीत हाच असतो, पण नंतर तो कुणाच्या बोलण्यात येत नाही, कारण त्याला काय म्हणायचं तेच माहीत नसतं. तुम्ही तो लिहिलात तर वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना आपलं पहिलं उड्डाण आठवेल.

मग कानाला दडे बसतात. विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून तसं होतं. आवंढा गिळला किंवा गोळी चघळली की कान उघडतात. ढगातून जाताना खिडकी पांढरी होते, हलके झटके बसतात आणि एकदम वरचं ऊन येतं. पावसाळ्यात खाली झोडपून पाऊस असताना हे घडतं, तेव्हा भल्याभल्यांच्या तोंडून आवाज निघतो.

वर स्थिर झाल्यावर खिडकीकडे नीट बघा. आतल्या बाजूच्या काचांपैकी एकीला खालच्या अंगाला टाचणीने पाडल्यासारखं बारीक भोक असतं. काचांच्या थरांमधला दाब सारखा राहावा आणि वाफ साचू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते, त्यामुळे त्या भोकाभोवती बर्फाच्या बारीक कणांची नक्षी धरते. कित्येक जणांना आधी काच तडकल्याची शंका येते आणि नंतर तेच लोक तिचा फोटो काढतात. भीती आणि नवल दोन्ही एवढ्याशा जागेत मिळतं, म्हणून ही जागा मला फार आवडते.

उतरतानाचे आवाजही टिपा. पंखाच्या मागच्या कडा घर्रर्र करत खाली येतात, चाकं बाहेर पडताना पुन्हा धडधड होते. टेकल्यावर पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात आणि इंजिन गर्जायला लागतं. तो वेग मोडायचा आवाज असतो. फोटो मात्र वरचाच असणार, म्हणून उतरण्याच्या नोंदी कॅप्शनमध्ये क्वचितच लागतात. तरी असू द्या.

फोटोपुरतं सांगायचं तर फोन काचेच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, थरथर उतरते. फ्लॅश बंद ठेवा. काचेवरच्या ओरखड्यांवर फोकस बसत असेल तर पडद्यावर पंखाच्या जागी बोट ठेवा.

नोंदींतून दोनच गोष्टी निवडा

आता नोंदींपैकी भीतीची एक आणि आनंदाची एक अशी निवड करायची. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या, कानाला ऐकू येणाऱ्या किंवा हाताला लागणाऱ्या हव्यात. 'भीती' आणि 'आनंद' हे शब्द कॅप्शनमध्ये आलेच नाहीत तर उत्तम. क्रम घडला तसाच ठेवा, आधी भीती मग आनंद. उलट केलं की फोटोशी जुळत नाही, कारण फोटो शेवटच्या क्षणाचा आहे.

यापुढची पायरी थोडी कसबाची आहे. भीती आणि आनंद यांना जोडणारी एखादी वस्तू किंवा कृती नोंदींत सापडते का बघा, जी दोन्हीकडे आहे पण तिचा अर्थ मध्ये बदलला आहे. हात, देवाचं नाव, खिडकीचं झाकण, घट्ट मिटलेले डोळे, सीटचा दांडा. अशी गोष्ट मिळाली की 'भीती पण वाटली आणि मजा पण आली' असं दोन कप्प्यांत सांगावं लागत नाही. एकातूनच दुसरं निघतं.

हे एका कॅप्शनवर करून दाखवतो.

माझी मावशी बार्शीची, अंगणवाडी सेविका. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या लेकीकडे जाताना ती पहिल्यांदा विमानात बसली, पुण्याहून, भर जुलैत आणि एकटी. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून तिने फोनवर बोलून ठेवलं. त्यातलं कामाचं असं होतं:

"मागं सरकलं. खालून घर्रघर्र झालं, कुणाला इचारावं कळंना."
"पळायला लागलं तशी पाठ चिकटली. भगवंता भगवंता केलं."
"धाडकन वाजलं. चाकं घेतली म्हणं आत."
"शेजारच्या पोरीचा हात धरला होता मी. ध्यानातच न्हाई."
"पांढरं फेक सगळं."
"ऊन! पुण्यात तर पाऊस होता की."
"काचंला बारीक भोक हाय. बर्फ बसलाय भवती."

बेंगळुरूला पोहोचल्यावर तिने फोटोखाली लिहिलं ते मात्र वेगळंच होतं: "आज माझ्या जीवनातील पहिला विमान प्रवास. थोडी भीती वाटली परंतु खूप आनंद झाला. लेकीमुळे स्वप्न पूर्ण झाले." बोलताना एवढी जिवंत असलेली बाई लिहिताना शाळेच्या निबंधात शिरली. आपल्यातल्या पुष्कळांचं असं होतं. लिहायचं म्हटलं की 'जीवनातील', 'परंतु', 'झाले' हे शब्द आपोआप येतात. या तीन वाक्यांत पाऊस नाही, ऊन नाही, हात नाही.

मग आम्ही नोंदींकडे परत गेलो. पहिली नोंद, घर्रघर्रची, मजेची होती, पण ती समजावून सांगावी लागली असती. कॅप्शनमध्ये समजावणं आलं की ती लांबते. काचेचं भोकही त्याच कारणाने सोडलं. त्याचा फोटो असता तर तेच घेतलं असतं. 'भगवंता भगवंता' मला फार मोलाचं वाटलं, कारण बार्शीचं ग्रामदैवत भगवंत आहे आणि तिथल्या माणसाच्या तोंडात तेच नाव येणार. ते घेऊन एक ओळ झाली: "धाडकन वाजलं तेव्हा भगवंताला हाक मारली, ऊन बघितलं तेव्हा परत त्यालाच." चांगली आहे. बार्शीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हीच टाकावी असं मी सुचवलं. पण बेंगळुरूच्या लेकीच्या मैत्रिणी, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाई, दूरचे ओळखीचे यांना भगवंताचा संदर्भ लागेलच असं नाही.

उरला हात. भीतीने धरलेला हात. मी विचारलं, "मावशी, तो हात मग सोडलास कधी?" ती म्हणाली, "सोडलाच न्हाई. ऊन दिसलं तवा तिलाच हलवून दाखवत होते की, ते बघ, ते बघ." जोडणारी गोष्ट मिळाली. नोंदीत ती अर्धीच होती, उरलेली विचारल्यावर आली. म्हणून निवडलेल्या क्षणाबद्दल स्वतःला एवढा एक प्रश्न जरूर विचारा: त्यानंतर लगेच काय झालं?

शेवटची कॅप्शन अशी झाली:

"चाकं वर घेताना धाडकन आवाज झाला आन् मी शेजारच्या पोरीचा हात धरला. पुण्यात पाऊस होता, ढगाच्या वर आलो तर लख्ख ऊन! हात तसाच धरलेला, पण आता 'ते बघ, ते बघ' म्हणायला."

यात पहिला विमानप्रवास आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. तरी कळतं. लेकीचे आभार काढून टाकले म्हणून मावशी थोडी नाराज झाली, तेव्हा ते खाली वेगळ्या ओळीत, लेकीला टॅग करून घेतले: "तिकीट हिनं काढलं." आभार असेच असावेत, कोणी काय केलं ते सांगणारे. 'आन्' आम्ही तसाच ठेवला. ती तसंच बोलते आणि तिला ओळखणाऱ्यांना तो तिच्या आवाजात ऐकू येतो. पूर्ण नोंदीसारखी बोली ठेवायची की थोडी प्रमाण करायची, हे ज्याचा फोटो आहे त्याने ठरवावं. दुसऱ्याने आपल्या हौसेखातर तिची बोली गडद करू नये.

पहिल्या दोन ओळींत काम झालं पाहिजे

इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2,200 चिन्हांपर्यंत लांबवता येते, पण स्क्रोल करणाऱ्याला आधी सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, साधारण 125 चिन्हांच्या आसपास. बाकीचं वाचायला त्याला बोट लावावं लागतं. इथे मराठीत एक अडचण आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. 'विमान' आपल्या लेखी तीन अक्षरं, फोनच्या लेखी पाच चिन्हं. म्हणजे मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर कापला जातो.

मावशीची पहिली दोन वाक्यं मिळून 110 चिन्हं होतात, म्हणजे हात आणि ऊन दोन्ही वर दिसतात. वाचणाऱ्याने पुढे बोट लावलं नाही तरी गोष्ट हाती लागते, लावलं तर तिसरं वाक्य त्याचं बक्षीस. तुमची कॅप्शन तारीख, विमानतळ, विमान कंपनी, 'नमस्कार मित्रांनो' यांनी सुरू होत असेल तर ही मोलाची जागा त्यातच संपते. ठिकाण सांगायला लोकेशनची सोय आहे, तारीख पोस्टवर आपोआप येते.

इमोजी एखादा चालतो, पण विमानाचा नको. फोटोत विमान आहेच. हॅशटॅग घालायचेच असतील तर शेवटी, मोजके.

व्हॉट्सॲपवर वेगळा विचार करा. स्टेटस 24 तासांत जातो आणि लोक तो दोन-तीन सेकंदांत पुढे ढकलतात, म्हणून तिथे एकच वाक्य. मावशीसाठी आम्ही ठेवलं: "खाली पाऊस, वर लख्ख ऊन. हात अजून थरथरतोय." घरच्या ग्रुपवर मात्र तीनही वाक्यं आणि हवं तर आवाजातली नोंदसुद्धा पाठवा. तिथे लोकांना कॅप्शनपेक्षा तुमचा आवाज हवा असतो.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे बहुतेक पुस्तकी शब्द बसलेला असतो. 'अनुभवला', 'प्रचिती आली', 'भावविभोर' अशा ठिकाणी स्वतःला विचारा की हे आईला फोनवर सांगताना मी काय म्हणालो असतो.

भीती किती लिहायची

घाबरलो हे लिहायची तरुण मुलांना लाज वाटते. गावातल्या मित्रांनी थट्टा केली तर, ही धास्ती असते. भीती शरीराच्या एखाद्या हालचालीत ठेवली की ती कबुली वाटत नाही, घटना वाटते. नागपूरहून दिल्लीला मुलाखतीला पहिल्यांदा विमानाने गेलेल्या मुलाने असं लिहिलं तर कोण हसेल? "मुलाखतीच्या सगळ्या उत्तरांची उजळणी विमानात करणार होतो. इंजिनाचा आवाज उतरला आणि स्वतःचं नावसुद्धा आठवेना. मग खाली शेतं दिसली आणि उत्तरं राहूनच गेली, खिडकीलाच चिकटून बसलो."

दुसरीकडे, भीती फुगवू नका. 'मरणाच्या दारातून परत आलो' असं साध्या झटक्यांबद्दल लिहिलं की जाणकार वाचणारा बाजूला होतो आणि ज्याचा पहिला प्रवास अजून व्हायचाय त्याला उगाच धडकी भरते. जेवढं झालं तेवढंच.

आजी-आजोबांचा पहिला प्रवास असेल आणि कॅप्शन नातवंडं लिहीत असतील तर त्यांच्या वतीने 'आजीचं स्वप्न पूर्ण केलं' असं लिहू नये. त्यात नातवंडाचं कौतुक होतं, आजी मागे पडते. तिने विमानात काय म्हटलं ते अवतरणात द्या, बस. "आजीने हवाई सुंदरीला विचारलं, बाई, वर थांबतं का कुठं?" एवढं पुरतं. वाक्य खरंच तिचं असावं आणि टाकण्याआधी तिला वाचून दाखवावं.

टाकण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट बोर्डिंग पास. तो हातात धरून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावर तुमचं पूर्ण नाव, सहा अक्षर-अंकांचा पीएनआर आणि चौकोनी किंवा पट्ट्यांचा कोड असतो. पुष्कळ विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं आणि परतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये असेल तर तेही. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. त्यावरच्या माहितीवरून एका माणसाने त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर शोधून काढला आणि संबंधितांना सावध केलं.

नुसता पीएनआर झाकून भागत नाही, कारण तोच कोडमध्येही असतो आणि फोटोतला कोड साध्या ॲपने वाचता येतो. धूसर करण्यापेक्षा त्यावर पूर्ण अपारदर्शक पट्टी किंवा स्टिकर लावा, किंवा पास अर्धा दुमडून फक्त 'पुणे ते बेंगळुरू' दिसेल असा धरा. बॅगेला लावलेल्या पट्टीवरही नाव आणि पीएनआर असू शकतो, पायाशी ठेवलेली बॅग फोटोत आली आहे का बघा.

दुसरी गोष्ट वेळ. विमानतळावरूनच 'निघालो, आठ दिवसांनी भेटू' असं सगळ्यांना दिसेल असं टाकलं की घर बंद आहे हेही जाहीर होतं. कॅप्शन पोहोचल्यावर टाका आणि किती दिवस बाहेर आहोत ते लिहू नका. कॅप्शनलाही याचा फायदाच होतो. निघण्याआधी लिहिलेल्या ओळीत भीती अपेक्षेची असते, उतरल्यावरच्या ओळीत घडलेलं असतं.

टाकल्यावर चूक दिसली तर घाबरू नका. इन्स्टाग्रामवर कॅप्शन नंतरही सुधारता येते, व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो. उतरल्या-उतरल्या गडबडीत कॅप्शन जमलीच नाही तर नुसता फोटो आधी घरच्यांना पाठवा म्हणजे काळजी मिटेल, आणि नोंदी समोर घेऊन रात्री निवांत लिहा.